वरच्या मजल्याची खोली रात्री का निवत नाही : एनर्जीप्लस वर्षभर वापरल्यानंतर

इमारत किती तापते आणि किती निवते याचं गणित करणारं एनर्जीप्लस हे सॉफ्टवेअर मी गेल्या एप्रिलपासून वापरते आहे, आणि तेही एकाच इमारतीसाठी. कोथरूडमधली आमची सोसायटी : खाली पार्किंग, वर चार मजले, सोळा फ्लॅट, आरसीसी सांगाडा, विटांच्या भिंती. दोन-तीन घरं सोडली तर एसी कुणाकडे नाही. चौथ्या मजल्यावरचे लोक उन्हाळ्यात हॉलमध्ये गाद्या टाकून झोपतात, कारण बेडरूममध्ये थांबवत नाही. गच्चीवर पत्र्याची शेड घालावी की पांढरा लेप द्यावा, यावर तीन सभा झाल्या. मी आर्किटेक्ट असल्यामुळे निर्णयाचा आधार काढून देण्याचं काम माझ्याकडे आलं.

एनर्जीप्लस अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं आहे. ते फुकट मिळतं आणि त्याचा कोडही खुला आहे. वर्षातल्या प्रत्येक तासाचं हवामान घेऊन ते भिंत, स्लॅब, हवा, माणसं आणि खिडक्या यांच्यातली उष्णतेची देवाणघेवाण पायरीपायरीने सोडवतं. दुपारी स्लॅबमध्ये साठलेली उष्णता रात्री खोलीत कशी उतरते, हे म्हणूनच त्यात दिसतं. भिंतीतून किती उष्णता आरपार जाते एवढंच सांगणाऱ्या यू-व्हॅल्यूच्या गणितात ते दिसत नाही. चित्र काढायची सोय मात्र त्यात नाही. मी ओपनस्टुडिओ या जोडीच्या प्रोग्राममध्ये आकार उभा केला आणि बाकीचं मजकुराच्या फाइलमध्ये हाताने भरलं. त्याची सवय व्हायला महिना गेला.

पहिलं मॉडेल जूनमध्ये चाललं तेव्हा मला फार आनंद झाला होता. चौथ्या मजल्याची बेडरूम पहाटे पाच वाजता 26.5 अंशांवर आली होती. पण एप्रिलमध्ये त्याच खोलीत मी तापमान नोंदवणारा लॉगर ठेवला होता. आतल्या भिंतीजवळ, छातीच्या उंचीवर, भिंतीला न टेकवता. त्याने रात्री अकराला 33.2 आणि पहाटे पाचला 31 अंश दाखवले होते. बाहेर तेव्हा 22.5 होते. साडेचार अंशांचा हा फरक कुठून आला हे शोधण्यात माझे पुढचे तीन महिने गेले. या सॉफ्टवेअरबद्दल मला जे काही सांगायचं आहे ते या तीन महिन्यांत शिकलेलं आहे.

आधी एक चूक दुरुस्त केली. मी मॉडेलला पुण्याची नेहमीची हवामान-फाइल दिली होती. तिच्यात एकच असं वर्ष नसतं, अनेक वर्षांतले प्रातिनिधिक महिने जोडलेले असतात. तिच्यावर काढलेलं उत्तर त्या एप्रिलच्या लॉगरशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. म्हणून गच्चीवर सावलीत ठेवलेल्या दुसऱ्या लॉगरचं तापमान आणि आर्द्रता मी फाइलमध्ये तासातासाने भरली. ऊन मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं. ते फाइलमधलंच ठेवलं आणि वळवाचे ढग आलेले दिवस तुलनेतून वगळले. फरक अर्ध्या अंशाने कमी झाला. बाकीचे चार अंश तसेच राहिले.

मग भिंती आणि स्लॅब तपासले. स्लॅबची जाडी, ब्रिकबॅट कोबा, प्लास्टर, सगळं उलटसुलट करून पाहिलं. उत्तर हललं, पण पहाटेचे चार अंश भरून निघतील इतकं नाही. शेवटी जे पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं ते बघितलं : रात्री खोलीत हवा किती येते? खिडक्या-दारांतून वाहणाऱ्या हवेचं गणित एनर्जीप्लसचा `AirflowNetwork`, म्हणजे एएफएन, हा भाग करतो. ते बघायला एवढंच मागावं लागतं :

```
Output:Variable,*,AFN Linkage Node 1 to Node 2 Volume Flow Rate,Hourly;
Output:Variable,*,Zone Operative Temperature,Hourly;
```

पहिल्या ओळीतून प्रत्येक खिडकी-दारातून दर सेकंदाला किती घनमीटर हवा जाते ते कळतं. त्याला 3600 ने गुणून खोलीच्या घनफळाने भागलं की तासाला खोलीतली हवा किती वेळा बदलते ते मिळतं. आमची खोली साधारण 28 घनमीटरची आहे. माझ्या मॉडेलमध्ये रात्रभर तासाला 18 वेळा हवा बदलत होती. भर वाऱ्यात सगळी दारं-खिडक्या सताड उघडी टाकल्यासारखी.

का, ते उघड होतं. खिडकीचं नियंत्रण मी `Temperature` वर ठेवलं होतं. त्याचा नियम असा : खोली बाहेरच्यापेक्षा गरम असेल आणि ठरवलेल्या तापमानाच्या वर असेल, तर खिडकी उघडायची. म्हणजे मॉडेलमधला रहिवासी रात्रभर जागा असतो, बाहेर गार झालं रे झालं की उठून खिडकी उघडतो. बेडरूमचं दारही त्यात उघडं होतं, त्यामुळे वारा एका बाजूने येऊन हॉलमधून पलीकडे निघून जात होता.

मी वर जाऊन त्या घरातल्या काकूंना विचारलं, की रात्री बेडरूमचं दार उघडं ठेवता का. त्या म्हणाल्या, "अगं, मुलगा-सून आहेत, हॉलमध्ये नातू अभ्यास करत असतो. दार उघडं टाकून कोण झोपेल?" खिडकीचं विचारलं, तर दिवेलागणीला डास येतात म्हणून साडेसहाला बंद, दहा वाजता उघडायची तीही वीतभर, आणि पडदा ओढलेला. त्या खिडकीला जाळी नव्हती. बाहेरची हवा सगळ्यात वेगाने निवते ते साडेतीन तास खिडकी रोज बंद असते, ही गोष्ट कुठल्याच नकाशावर लिहिलेली नसते.

हे सगळं मॉडेलमध्ये घातलं. दाराला फक्त खालची फट, खिडकीला वेळापत्रक, उघडी रुंदी वीतभर आणि उघड्या जागेतून हवा किती सहज जाते ते सांगणारा प्रवाह-गुणांक पडद्यामुळे 0.6 ऐवजी 0.4. हा 0.4 मोजलेला नाही, माझा अंदाज आहे. हवेचा बदल तासाला 18 वरून दोन-अडीचवर आला आणि पहाटे पाचचं तापमान 30.6 झालं. लॉगरचं 31 होतं. भिंतीतली एकही वीट त्यासाठी बदलावी लागली नाही.

इथे या साधनाची एक मर्यादा सांगायला हवी, कारण ती चटकन लक्षात येत नाही. दार बंद झालं की खोलीला एकाच बाजूची खिडकी उरते. वाऱ्याचा दाब सॉफ्टवेअरला ठरवायला सांगितला (`SurfaceAverageCalculation`), तर ते एका अख्ख्या भिंतीवर एकच सरासरी दाब धरतं. त्यामुळे एकाच भिंतीतल्या दोन खिडक्यांमध्ये वाऱ्याने हवा खेळतच नाही, उरतो तो फक्त आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाचा प्रवाह. खरं तर झुळका येत-जात थोडी हवा हलवतात. याची उलट बाजूही आहे. हे गणित इमारत एकटी आयताकृती उभी आहे असं समजतं. आमच्या पश्चिमेला जेमतेम सहा मीटरवर पाच मजली इमारत आहे, तिचा आडोसा त्याला माहीतच नाही.

भूभागाची निवडही तितकीच महत्त्वाची. हवामान-फाइलमधला वारा मोकळ्या जागी दहा मीटर उंचीवर मोजलेला असतो. `Terrain` मध्ये `Suburbs` निवडलं तर दहा मीटर उंचीवर त्यातला सुमारे 72 टक्के वेग आपल्या इमारतीला मिळतो, `City` निवडलं तर सुमारे 45 टक्के. दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे एका शब्दामुळे तो अडीच पटींनी बदलला. मी `City` ठेवलं.

खोली तापण्याची जोखीम मोजायला मी आयमॅक, म्हणजे किती तापमान लोकांना चालतं ते सांगणारं भारतीय मॉडेल, वापरलं. ते राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मध्ये आहे. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीसाठी मागच्या तीस दिवसांच्या बाहेरच्या सरासरी तापमानाला 0.54 ने गुणायचं आणि 12.83 मिळवायचे. येणाऱ्या तापमानाच्या वर-खाली 2.38 अंश ही नव्वद टक्के लोकांना चालणारी पट्टी. सरासरी 30 असेल तर मधला आकडा 29 आणि वरची मर्यादा 31.4. घरं किती तापतात ते तपासायच्या ब्रिटनच्या टीएम59 पद्धतीत बेडरूमला रात्री 26 अंशांची मर्यादा आहे. ती इथे लावली तर आमची प्रत्येक खोली नापास होईल आणि कुठला उपाय बरा ते कळणारच नाही. आयमॅक मात्र कार्यालयांतल्या पाहणीवरून बनलेलं आहे. झोपलेल्या माणसाला 31.4 चालतात का, याचं उत्तर त्यात नाही. म्हणून मी ते उपायांची आपसात तुलना करण्यापुरतंच वापरलं. पंख्याचा वाराही त्यात वेगळा धरलेला नाही.

एप्रिल-मे मिळून रात्री दहा ते सहा असे 488 तास होतात. नेहमीची हवामान-फाइल लावून आहे त्या स्थितीत खोली त्यातले 340 तास मर्यादेच्या वर राहिली. गच्चीला पांढरा लेप दिला, म्हणजे पृष्ठभागाचं ऊन शोषण्याचं प्रमाण 0.7 वरून 0.3 केलं, तर 160. लेप न देता खिडकीला जाळी लावून ती संध्याकाळपासून अर्धी उघडी ठेवली आणि दारावर जुन्या घरांत असायची तशी झडप दिली, तर 110. दोन्ही केलं तर 18. नुसता लेप दिला तर स्लॅब कमी तापतो, पण जी उष्णता आत आलीच आहे तिला बाहेर जायला वाट मिळत नाही. नुसती हवा खेळवली तर रात्रीच्या पहिल्या तासांत तापलेला स्लॅब वरून भाजत राहतो. हवेचं तापमान उतरलेलं असतं, पण छताची धग अंगाला लागते. म्हणून मी नुसत्या हवेचं तापमान न पाहता `Zone Operative Temperature` पाहते. त्यात भोवतालच्या पृष्ठभागांची धग धरलेली असते.

सभेत मी हे चार आकडे फळ्यावर लिहिले. शेडचा विषय त्या दिवशी मागे पडला. फेब्रुवारीत लेप झाला, चौघांपैकी तीन घरांनी जाळ्या बसवल्या, झडप फक्त काकूंनी केली.

या एप्रिलमध्ये पुन्हा लॉगर लावले आणि या वर्षीचं हवामान भरून मॉडेल चालवलं. गेल्या वर्षी रात्री आठच्या सुमारास छताचा आतला पृष्ठभाग 41 अंशांपर्यंत जायचा. मॉडेलने यंदा 36 सांगितले होते, मोजले तेव्हा 37 निघाले. गच्चीवर गेले तर लेपावर दोन महिन्यांची धूळ बसली होती. शोषण 0.3 ऐवजी 0.4 धरलं तेव्हा आकडे जुळले. गच्ची धुऊन घेतली, आता पुढच्या उन्हाळ्यात दर महिन्याला धुवायचं ठरलं आहे. काकूंच्या खोलीत पहाटे 27.8 होते. झडप नसलेल्या शेजारच्या खोलीत, जाळी असूनही, 29.3.

ज्यांना हे वापरायचं आहे त्यांच्यासाठी कामाचं एवढंच : प्रत्येक खोलीला `AirflowNetwork` मध्ये, म्हणजे हवेच्या जाळ्यात, निदान दोन पृष्ठभाग जोडावे लागतात, नाहीतर ते चालायला नकार देतं. एकच खिडकी असेल तर भिंतीची किंवा दाराची फट दुसरा पृष्ठभाग म्हणून द्यावी. हवेचं हे जाळं चालू केलं की आधी भरलेले `ZoneVentilation` आणि `ZoneInfiltration` चे आकडे ते सोडून देतं. म्हणून प्रत्येक वेळी `eplusout.err` ही चुकांच्या नोंदीची फाइल उघडून शेवटपर्यंत वाचावी, इशारेसुद्धा.

पश्चिमेच्या इमारतीचा आडोसा मात्र माझ्या मॉडेलमध्ये अजून नाही. दाबाचे गुणांक हाताने भरता येतात, पण त्यासाठी दोन्ही इमारतींमधला वारा मोजायला हवा. पावसाळ्याआधी दोन वारामापक बसवायची परवानगी मी दोन्ही सोसायट्यांकडे मागितली आहे. आमच्या सोसायटीने दिली, शेजारच्यांची सभा रविवारी आहे.