जन्मांध आणि नंतर दृष्टी गेलेले: दोघांची स्वप्नं सारखी नसतात बघा

आमच्या निपाणीकडचे मामा विसाव्या वर्षी आंधळे झाले, आणि शेजारची आक्का जन्मापासूनच. दोघांना एकदा विचारलं, स्वप्नात बेळगावचा बाजार कसा येतो हो?

मामा म्हणाले, लाल बस दिसते की, पण माणसांचे चेहरे आता पुसट झालेत. आक्काचं वेगळंच, तिला कुंद्याचा वास येतो, कंडक्टरचं कन्नड ऐकू येतं, पायाखाली दगड लागतात आणि गर्दीत कोण जवळ आलंय ते आवाजावरनं कळतं, चित्र असं काही नाहीच.

साधारण पाच वर्षांच्या आत दृष्टी गेली तर स्वप्नात सहसा चित्रं येत नाहीत, सातनंतर गेली तर बहुतेक टिकतात, मधल्या वयाचं काही नक्की नाही. १८८८ मध्ये जोसेफ जॅस्ट्रो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं असंच नोंदवलं होतं. टिकलेली चित्रंही वर्षं जातील तशी कमी होत जातात, मामांचं तेच चाललंय.

मला तर आक्काचंच स्वप्न जास्त शिकवणारं वाटतं, कारण चित्राशिवायसुद्धा त्यात जागा, माणसं, भांडण, भीती सगळं असतंय, म्हणजे स्वप्न काय डोळ्यांचा सिनेमा नव्हे, मेंदू जागेपणी ज्यातनं जग ओळखतो त्याच मालातनं ते बनवतो. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, मग आक्काला माझ्यापेक्षा कुंदा जास्त मिळतोय की!