हजेरीपत्रक ओढून भरायचं, तर एक्सेल की कॅल्क?

शाळेच्या पत्रकांसाठी एक्सेल आणि लिबरऑफिस कॅल्क दोन्ही वापरतो. सेलच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातला छोटा चौकोन धरून खाली ओढणं दोन्हीकडे सारखंच. बराच काळ मला फारसा फरकही वाटत नव्हता.

वारांचं बघा. माझ्या मशीनवर Monday लिहून ओढलं की दोन्हीकडे पुढचे वार येतात. मराठी वार मात्र मी यादीत स्वतः घातले आहेत. परिपाठाच्या पाळीसाठी शिवनेरी, राजगड, रायगड, तोरणा ही गटांची नावंही तशीच घातली. एक्सेलमध्ये File > Options > Advanced मध्ये खाली Edit Custom Lists आहे, तर कॅल्कमध्ये Tools > Options > LibreOffice Calc > Sort Lists. एकदा यादी दिली की कुठलंही एक नाव लिहून ओढायचं, पुढची नावं क्रमाने येतात आणि तोरणानंतर पुन्हा शिवनेरी. शुद्धलेखन मात्र यादीतल्यासारखंच हवं, नाहीतर तेच नाव खाली उतरत राहतं. इथे मला कॅल्क थोडं सोपं वाटतं, कारण ती जागा शोधत बसावं लागत नाही.

माझा निर्णय झाला तो साध्या आकड्यावर. एक्सेलमध्ये एकटा 1 ओढला तर खाली सगळे 1 येतात. कॅल्कमध्ये 1, 2, 3 येतात. हजेरी क्रमांकाला कॅल्क सोयीचं, हे मान्य. पण आमच्या पत्रकांत तोच आकडा खाली उतरवण्याचं काम जास्त असतं. स्नेहसंमेलनाची वर्गणी प्रत्येकी 45 रुपये आहे आणि वर्गात 30 मुलं आहेत असं धरा. कॅल्कमध्ये 45 नुसता ओढला तर शेवटच्या मुलापुढे 74 येतात. बेरीज 1350 हवी, ती 1785 होते. कुठेही लाल खूण नाही, सूचना नाही. शेवटचा सेल पाहिला तरच कळतं.

Ctrl दाबून ओढलं की कॅल्क आकडा तसाच ठेवतं. एक्सेलमध्ये Ctrl ने उलट, म्हणजे क्रम मिळतो. दोन्हीकडे माउस आधी सोडायचा, Ctrl नंतर. पण घाईत Ctrl राहून गेला तर एक्सेलमध्ये सगळ्यांचा हजेरी क्रमांक 1 होतो, ते लगेच डोळ्यात भरतं. वाढत गेलेली वर्गणी तशी दिसत नाही. म्हणून पैशाचं पत्रक मी एक्सेलमध्येच करतो. कॅल्क मोफत आहे आणि फक्त क्रमांक, वार, पाळ्या एवढंच काम असेल तर तेही पुरेल, असं माझं मत.

एक अडचण दोन्हीकडे आहे. यादी त्या संगणकावर राहते, फाईलबरोबर जात नाही. दुसऱ्याच्या मशीनवर चारही गटांची नावं एकदा लिहायची, चारही सेल निवडायचे आणि मग ओढायचं. तीच चार नावं क्रमाने येत राहतात, यादी लागत नाही.