लिंक्डइनवर पोस्ट की गिटहबवर रिपो?

सांगलीत एका अडत दुकानासाठी हळदीची पट्टी काढायचा छोटा प्रोग्रॅम केलेला, तो दाखवायचा कुठं यावर बरेच दिवस अडलेलो. लिंक्डइनवर लिहायला बसलं की 'मी केलं, मी केलं' असंच यायचं आणि संकोच वाटायचा, शिवाय ती पोस्ट चार दिवसांत खाली जाते, वर्षानं कोण शोधणार.

गिटहबवर README.md मध्ये स्वतःबद्दल एक ओळ नाही, नुसती अडचण लिहिली: पोत्यामागं हमाली ७.४० रुपये, प्रत्येक पोत्याला राउंड केली की ७, दहा पोत्यांचे ७० व्हायचे, खरे ७४, म्हणून हिशोब पैशांत ठेवला, ७४० असा, आणि राउंड शेवटी एकदाच. खाली खोट्या नावानं नमुना पट्टी. काम कसंय ते वाचणारा स्वतःच ठरवतो, आणि ते तिथं वर्षानुवर्षं राहतं.

फक्त मालकाला विचारल्याशिवाय कोड टाकू नका, आणि .env चुकून गेली तर फाईल डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये पासवर्ड राहतोच, तो बदलावाच लागतो.

माझं मत गिटहबच. लिंक्डइनवर वर्षातनं दोनदा लिंक टाकतो, 'हमालीतले ४ रुपये कुठं गेले ते सापडलं' एवढंच लिहून.