जेवणाआधी व्हिनेगरचा ग्लास, की तेच व्हिनेगर कोशिंबिरीत?

खानापूरकडे दोन्ही वेळा भात, निपाणी-चिकोडीकडे भाकरी असली तरी शेवटी आमटी-भात हवाच. त्यात रिपोर्टमध्ये साखर ‘बॉर्डरवर’ आली की कोणीतरी हमखास सांगतं, जेवणाआधी अ‍ॅपल सायडर व्हिनेगर पाण्यातून घे. घ्यायचं ठरवलंच असेल, तर ते ग्लासातून घ्यावं की ताटातून, हा खरा प्रश्न आहे. रक्तातल्या साखरेसाठी दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच आहेत. दातांसाठी आणि घशासाठी मात्र त्यांच्यात बराच फरक आहे.

आधी साखरेचं बघू. व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असतं आणि काम तेच करतं. ते असल्यावर पोटातून अन्न सावकाश पुढे सरकतं, पिठूळ पदार्थांचं पचनही थोडं मंदावतं. त्यामुळे जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही. 2004 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात 20 ग्रॅम व्हिनेगर 40 ग्रॅम पाण्यातून जेवणाआधी दिलं. इन्सुलिनला नीट दाद न देणाऱ्या लोकांमध्ये ती दाद बरीच सुधारली. मधुमेह झालेल्यांमध्ये फायदा कमी दिसला. नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की भात, ब्रेड, बटाटा अशा पिठूळ जेवणावर परिणाम होतो, पण नुसतं ग्लुकोज घेतलं तर होत नाही. जेवणाच्या बऱ्याच आधी घेतलेलं व्हिनेगरही उपयोगी पडत नाही, ते जेवणाच्या वेळीच पोटात असावं लागतं.

हे सगळे प्रयोग लहान, बहुतेक एकेका जेवणापुरते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए1सी त्याने किती उतरतं, याचा भक्कम पुरावा नाही. लेबनॉनमधला 2024 चा एक अभ्यास वजन आणि साखर दोन्ही उतरल्याचं सांगत होता. तो खूप फिरला, पण आकडेवारीतल्या गडबडीमुळे 2025 मध्ये मागे घेतला गेला. त्याच्या जोरावर कोणी काही सांगत असेल तर ते सोडून द्यावं.

निवड करताना सर्वांत कामाचा प्रयोग इटलीतला, 1995 चा. त्यात व्हिनेगर प्यायला दिलंच नव्हतं. पानांच्या सॅलडवर तेल आणि व्हिनेगर घालून ते ब्रेडबरोबर खायला दिलं. आम्ल फक्त 1 ग्रॅम, म्हणजे साधारण 20 मिली व्हिनेगर. साखरेची उसळी जवळपास 31 टक्के कमी झाली. तेच व्हिनेगर सोडा घालून निष्प्रभ करून दिलं, तेव्हा काहीच फरक पडला नाही. यातून दोन गोष्टी कळतात. व्हिनेगर अन्नात मिसळलं तरी काम करतं, आणि ‘दातांना त्रास नको’ म्हणून चिमूटभर सोडा टाकला तर फायदाही जातो. सफरचंदाचंच हवं असंही नाही. बाटलीवर 5 टक्के आम्लता लिहिलेलं कुठलंही खाण्याचं व्हिनेगर चालतं.

आता ग्लासाचा तोटा. ‘पातळ करून घेतो, मग काय होतंय?’ असं वाटतं, पण आम्लाचा हिशोब तसा नाही. पीएच जितका कमी, तितकं आम्ल तीव्र. बाटलीतल्या व्हिनेगरचा पीएच अडीच ते तीनच्या आसपास असतो. 15 मिली व्हिनेगर 250 मिली पाण्यात घातलं तरी तो साधारण 0.6 नेच वर जातो. दाताचं एनॅमल साधारण साडेपाचच्या खाली विरघळू लागतं. म्हणजे भरपूर पाणी घालून घसा वाचतो, दात वाचत नाहीत. रिकाम्या पोटी तोंडाला फारशी लाळ सुटलेली नसते, आणि मधुमेहात तोंड आधीच कोरडं असू शकतं. घोट घोट घेत दहा मिनिटं पिणं तर सर्वांत वाईट. हॉलंडमध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीने वजनासाठी रोज ग्लासभर हे व्हिनेगर घेतलं आणि तिचे दात झिजल्याची नोंद 2012 मध्ये झाली.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. निपाणी हा तंबाखूचा पट्टा, आणि मिश्री लावणाऱ्या बायका अजूनही घरोघर आहेत. तंबाखू-मिश्रीने हिरड्या मागे सरकलेल्या असतील तर दाताची मुळं उघडी पडतात. मुळांवर एनॅमल नसतं आणि ती आणखी सौम्य आम्लानेही झिजतात. व्हिनेगर पिऊन लगेच मिश्री घासली, तर मऊ पडलेला थर घासूनच निघतो. ब्रशचंही तसंच, निदान अर्धा तास थांबावं आणि तोवर साध्या पाण्याने चूळ भरावी. झीज ओळखायची ती अशी: पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक दिसतात, दात पिवळसर होतात, दाढांवर लहान खळगे पडतात, गार पाणी झोंबतं. गेलेलं एनॅमल परत येत नाही.

घसा बहुतेक वेळा भाजतो तो बाटलीतून सरळ ‘शॉट’ घेतल्याने, किंवा गोळ्यांमुळे. गोळी अन्ननलिकेत अडकली तर आम्ल एकाच जागी बसून जखम करतं. 2005 साली आठ ब्रँडच्या गोळ्या तपासल्या, तेव्हा आम्ल एकीत 1 टक्क्याच्या आसपास, तर दुसरीत 10 टक्क्यांहून जास्त निघालं. त्यामुळे गोळ्यांचा विचार करू नये. गिळताना दुखणं, छातीत जळजळ थांबत नसणं, लाळ गळणं अशी लक्षणं दिसली तर पाण्याने चूळ भरून दवाखाना गाठावा. उलटी काढू नये, सोडा पाजू नये.

म्हणून आमचा कल ताटाकडे आहे. काकडी, कांदा, कोबी, मुळा यांची वाटीभर कोशिंबीर करावी. औषधाच्या बाटलीच्या मापाच्या झाकणाने 15 मिली व्हिनेगर मोजून घालावं. वर तेलाची फोडणी आणि शेंगदाण्याचं कूट. ही वाटी आधी संपवावी, मग भाताला हात लावावा. चावताना लाळ सुटते, आम्ल तोंडात पातळ होतं आणि अन्नाबरोबर लगेच खाली जातं. दातांचा धोका शून्य होत नाही, पण ग्लासापेक्षा कमी राहतो. जेवणानंतरची चूळ इथेही हवीच. ग्लासच हवा असेल तर 15 मिली, मोठा ग्लासभर पाणी, स्ट्रॉ, आणि जेवण पुढ्यात आल्यावर एकदमच संपवणं. रात्री घेऊन लगेच आडवं होऊ नये.

आपल्या अंगावर फरक पडतो का, हे घरी तपासता येतं. तीन दिवस तोच भात, तेवढाच मोजून, व्हिनेगर न घेता. पुढचे तीन दिवस व्हिनेगरसह. पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा घ्यायचा. समजा आधी 178, 184, 171 आले आणि नंतर 158, 169, 160. सरासरीत फरक 15 चा. मीटरची स्वतःची चूक 15 टक्क्यांपर्यंत चालते, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नये, पण तिन्ही दिवस खाली आले तर परिणाम असावा. मग व्हिनेगरशिवाय, जेवणानंतर पंधरा मिनिटं चालून हेच तीन दिवस पुन्हा करावं. चालण्यानेच तेवढा फरक पडत असेल तर बाटली आणायची गरज नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. औषध वेळेवर काम करतं आणि जेवण पोटात रेंगाळतं, तेव्हा साखर एकदम खाली जाऊ शकते. जुन्या मधुमेहामुळे पोट आधीच मंद झालं असेल, थोडं खाल्लं तरी तासन्‌तास जड वाटत असेल, तर व्हिनेगर ते आणखी मंद करतं. लघवीच्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियम घसरण्याचाही धोका असतो.