डिटेन्शन माफीचा अर्ज: एकाच शिपिंग एजंटकडचे आठ महिने

आमचं आयातीचं काम आठ महिन्यांपासून या एजंटकडे आहे. अरायव्हल नोटीस वेळेवर येते, माल ताब्यात घेण्याचा आदेश म्हणजे डीओ अडत नाही, फोन उचलला जातो. तिसऱ्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक केलं असतं. पण पाचव्या महिन्यात चाळीस फुटी कंटेनर कस्टम्समध्ये अडकला आणि पुढचे दोन महिने मी डिटेन्शनच्या, म्हणजे कंटेनर ठरल्या मुदतीनंतर परत केल्याच्या आकाराच्या, एका बिलामागे धावत होतो.

आम्हाला फ्री दिवस १०. ते कंटेनर जहाजावरून उतरल्या दिवसापासून मोजले जातात आणि मीटर थांबतो तो रिकामा यार्डात परत गेल्यावर. कस्टम्सकडे मालाची माहिती देणारं बिल ऑफ एंट्री जहाज यायच्या आधीच भरलेलं होतं. चौथ्या दिवशी कस्टम्सने नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला सतराव्या दिवशी, आणि माल कागदावर लिहिला होता तसाच निघाला. अठराव्या दिवशी क्लिअरन्स, एकोणिसाव्याला कंटेनर बाहेर, बाविसाव्याला रिकामा परत.

म्हणजे १२ दिवसांचं डिटेन्शन. पहिले ५ दिवस साधा दर, पुढे दुप्पट. एका दिवसाचा साधा दर १ धरला तर पहिल्या टप्प्याचे ५, दुसऱ्या टप्प्यातल्या ७ दिवसांचे १४, मिळून १९. टर्मिनलचं भाडं याहून वेगळं. ते लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या, हातात नसतं, त्याच्या माफीसाठी टर्मिनलकडेच वेगळा अर्ज करावा लागतो.

अठराव्या दिवशी डीओची मुदत वाढवायला गेलो, तर बाविसाव्या दिवसापर्यंतचे पैसे आधी भरा म्हणाले. भरले, पण त्याच दिवशी मेल टाकला की ही रक्कम हरकत नोंदवून भरत आहोत आणि माफीचा अर्ज पाठवत आहोत. ही ओळ पुढे फार कामाला आली, कारण ‘तुम्ही बिल मान्य करून पैसे भरले’ असं कोणाला म्हणता आलं नाही.

माझा पहिला अर्ज मात्र वाईट होता. कस्टम्समुळे उशीर झाला, आमची चूक नाही, सगळं माफ करा, एवढंच. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: बिल ऑफ लेडिंग या लाइनच्या वाहतूक कागदावरच्या अटींप्रमाणे कस्टम्सच्या विलंबाची जबाबदारी आयातदाराची. अटी काढून वाचल्या, खरंच तसं लिहिलेलं होतं.

इथे माझं मत बदललं. तोवर मी एजंटवर चिडलो होतो, पण डिटेन्शन लाइनचं आहे आणि एजंटला त्यातला एक पैसाही स्वतःच्या अधिकारात सोडता येत नाही. तो मेल जसाच्या तसा लाइनच्या कार्यालयाला पुढे पाठवतो. तिथे निर्णय घेणाऱ्याने आमचा कंटेनर पाहिलेला नसतो, त्याच्यासमोर फक्त माझा मेल असतो. एजंटने हे मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तीन आठवडे ‘बघतो, बोलतो’ ऐकवलं, तो राग आजही गेलेला नाही. या एकाच गोष्टीसाठी मी एजंटचे गुण कापतो.

दुसरा अर्ज त्या न पाहिलेल्या माणसासाठी लिहिला. वर कंटेनर नंबर, बिल ऑफ लेडिंग नंबर, इन्व्हॉइस नंबर. खाली तारखांचा तक्ता आणि प्रत्येक तारखेपुढे तिचा कागद: बिल ऑफ एंट्री, नमुना काढल्याची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल, क्लिअरन्स, रिकामा यार्डात आल्याची गेट-इन स्लिप. क्लिअरन्सनंतरचे ५ दिवस आमचे आहेत, गोदामात जागा नव्हती, त्याचे पैसे देतो, हेही लिहिलं. अकरावा ते सतरावा दिवस कंटेनर कस्टम्सच्या ताब्यात होता, आम्हाला रिकामा करताच आला नसता, म्हणून फ्री दिवस ७ ने वाढवून द्या, एवढीच मागणी.

आधी एजंटने फोनवर ३० टक्के सवलत देऊ केली. मी नाकारली, कारण त्यातही १३.३ भरावे लागत होते. फ्री दिवस वाढले की सगळे टप्पे पुढे सरकतात, दुप्पट दराचे दिवस कमी होतात. शेवटी लाइनने ७ ऐवजी ५ दिवस दिले. आकारणी सोळाव्या दिवसापासून, ७ दिवसांची: ५ साध्या दराने, २ दुप्पट, एकूण ९. मागितलं तसं झालं असतं तर ५ वर भागलं असतं, पण १९ वरून ९ वर आलं.

उरलेले १० परत मिळायला आणखी साडेतीन आठवडे गेले आणि तेही क्रेडिट नोट म्हणून, रोख नाही. त्यात रिकामा परत केल्याची तारीख बाविसाव्याऐवजी तेविसाव्या दिवसाची लागली होती, म्हणून पहिली क्रेडिट नोट दुप्पट दराच्या एका दिवसाने कमी आली. गेट-इन स्लिपवर रात्रीची वेळ स्पष्ट छापलेली होती, ती पाठवल्यावर दोन दिवसांत दुरुस्ती झाली. आता चालकाने स्लिपचा फोटो पाठवल्याशिवाय मी कंटेनर परत गेला असं धरत नाही.

एजंट बदललेला नाही. पुढच्या बुकिंगला मात्र १० ऐवजी १४ फ्री दिवस आधीच लेखी मागून घेतले, तेव्हा एका मेलमध्ये मिळाले.