ग्लायकोलिक, सॅलिसिलिक आणि लॅक्टिक अ‍ॅसिड: ठाण्याच्या दमट हवेतील अनुभव

माझे नाक व हनुवटी तेलकट आणि गाल कोरडे आहेत. वर्ण सावळा असल्यामुळे पुटकुळी बसली तरी तिचा डाग बराच काळ राहतो. ठाण्याहून घणसोलीला लोकलने रोज जाणे-येणे असल्याने घाम आणि ऊन चुकत नाही. अशा परिस्थितीत ही तिन्ही अ‍ॅसिडे मी हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत, एका वेळी एकच, अशी वापरली.

सुरुवात ७ टक्के ग्लायकोलिकच्या टोनरने केली. तिघांत ग्लायकोलिकचा रेणू सर्वांत लहान असल्याने ते त्वचेत लवकर शिरते आणि चुरचुरतेही अधिक. खरखरीतपणा त्याने लवकर गेला, नाकावरचे ब्लॅकहेड्स मात्र हलले नाहीत. ते काम २ टक्के सॅलिसिलिकच्या सीरमने केले, कारण ते तेलात मिसळते आणि तेलाने भरलेल्या रंध्रात उतरू शकते. गालांवर मात्र त्याने पापुद्रे निघू लागले, म्हणून तिथे लॅक्टिकचे सीरम आणले. लॅक्टिक अ‍ॅसिड ओलावाही धरून ठेवते. डाग सावकाश फिके झाले, पण जळजळ झाली नाही.

टोनर सौम्य आणि सीरम तीव्र, ही विभागणी मला पटत नाही. टोनरही धुतला जात नाही; फरक एवढाच की त्याचा थर पातळ बसतो आणि बराचसा भाग कापसातच राहतो. खरा निर्णय पीएच करतो. १० टक्के लॅक्टिकचा पीएच सुमारे ३.८ असेल, तर जवळपास निम्मे अ‍ॅसिड मुक्त, म्हणजे कामाचे असते. तोच पीएच ४.८ झाला की त्या १० टक्क्यांपैकी जेमतेम १ टक्का मुक्त उरतो. म्हणून टक्केवारी ठळक छापून पीएच न सांगणारी बाटली मी आता घेत नाही.

पील घरी केले नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडे केले. ग्लायकोलिक पील ठरलेल्या वेळी सोड्याच्या द्रावणाने थांबवावे लागते. ते उशिरा थांबवले तर त्वचा भाजते आणि सावळ्या वर्णावर त्या जागी नवा काळा डाग उमटतो. सॅलिसिलिक पीलमधले अल्कोहोल उडाले की पांढरी पूड उरते आणि अ‍ॅसिडचा आत शिरण्याचा वेग आपोआप मंदावतो. मुरुमांसाठी मला तेच उजवे वाटले. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र त्यापासून दूर राहावे.

सध्या नाक-हनुवटीवर सॅलिसिलिक आणि गालांवर लॅक्टिक, दोन्ही आठवड्यातून दोनदा, रात्रीच लावते. ग्लायकोलिक ऑक्टोबरच्या उन्हात पूर्ण बंद असते. ते थांबवल्यावरही आठवडाभर त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील राहते, त्यामुळे तेवढे दिवस सनस्क्रीन दुपारीही पुन्हा लावावे लागते.