ड्रॅग-अलाँग कलम: किमान भाव घ्यावा की पहिल्या प्रस्तावाचा हक्क?

कंपनीतला मोठा हिस्सा गुंतवणूक फंडाला देताय म्हटल्यावर करारात ड्रॅग-अलाँग कलम येणारच. ते नको म्हणून भांडत बसण्यात फारसा अर्थ नाही. ज्याच्याकडे 60 टक्के आहेत त्याला उद्या कंपनी विकायची झाली, तर घेणाऱ्याला सहसा पूर्ण 100 टक्के हवे असतात. उरलेल्या 40 टक्क्यांत काका, आत्या आणि चार चुलतभाऊ बसलेत, अशी कंपनी घ्यायला लोक कचरतात. म्हणून फंड आधीच लिहून घेतो की मी विकेन तेव्हा तुम्हीही त्याच खरेदीदाराला, त्याच शर्तींवर विकायचं. फंडाची स्वतःची मुदत संपत असते, त्याला आपल्या लोकांचे पैसे परत करायचे असतात. त्याची ही अडचण खरी आहे.

खरा प्रश्न हा की हे कलम मान्य करताना बदल्यात काय मागायचं. जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या डाळ मिलचा बहुमताचा हिस्सा देताना आमच्यासमोर दोन पर्याय होते. एक म्हणजे किमान भाव: ठरल्यापेक्षा कमी भावात आम्हाला ओढता येणार नाही. दुसरा म्हणजे पहिल्या प्रस्तावाचा हक्क: बाहेर विकण्याआधी फंडाने आम्हाला कळवायचं, आम्ही त्याचा हिस्सा घ्यायचा भाव सांगायचा, आणि त्याहून चांगला भाव बाहेर मिळाला तरच त्याने सगळी कंपनी विकायची. दोन्ही मिळाले तर उत्तमच, पण सहसा एकावरच बोळवण होते. आमचीही तशीच झाली.

घरात सगळ्यांचा कल सुरुवातीला पहिल्या प्रस्तावाकडे होता, आणि ते स्वाभाविक आहे. वडिलांनी उभी केलेली मिल परत घेण्याची वाट त्यात उघडी राहते. कागदावर हा हक्क फार सन्मानाचा वाटतो. माझं मन फिरलं ते त्यातल्या मुदतीच्या ओळीपाशी. नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत भाव सांगायचा आणि सोबत पैशाची सोय असल्याचा पुरावा जोडायचा, अशी ती ओळ होती.

डाळ मिलचा धंदा ज्याला माहीत आहे त्याला हे 30 दिवस लगेच बोचतील. तुरीची आवक डिसेंबरपासून मार्चपर्यंत चालते. त्या काळात आमची कॅश क्रेडिटची मर्यादा पूर्ण वापरलेली असते, गोदाम तुरीने भरलेलं असतं आणि खात्यात रोख जवळपास नसते. नोटीस कधी काढायची ते फंड ठरवणार, आणि त्याने जानेवारीत काढली तर तक्रार करायला जागा नाही. तरी सही करण्याआधी विचारून तर बघावं म्हणून मी बँकेत गेलो. मॅनेजर साहेब आमच्या ओळखीचे. त्यांनी फाइल उघडली, स्टॉक स्टेटमेंट पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, तुरीवर देतो, नव्या सॉर्टेक्स मशीनवर देतो. पण भागीदाराचे शेअर घ्यायला म्हणाल, तर त्याला आमच्याकडे स्कीमच नाही." मिल तारण ठेवून पैसा काढावा, तर मिल कंपनीची आहे आणि कंपनीच्या बोर्डावर बहुमत फंडाचं. म्हणजे ज्याचा हिस्सा विकत घ्यायचा त्याच्याच परवानगीने.

याहून मोठी अडचण दुसरीच आहे आणि ती पटकन दिसत नाही. या हक्कात भाव आधी आपण सांगायचा असतो, समोर खरेदीदार कोण आहे ते माहीत नसताना. आपण शेअरला 420 म्हटलं की तो आकडा फंडाच्या हातात पायरीसारखा येतो. त्यावर थोडं चढवून देणारा कोणी भेटला की आपण ओढले गेलो. आणि पैशाअभावी आपण भाव सांगितलाच नाही, तर सहसा करारात असं असतं की मुदत उलटताच फंड कोणत्याही भावाला विकायला मोकळा. म्हणजे हक्क वापरता आला नाही की संरक्षणही संपलं. ज्याच्याकडे तयार पैसा नाही त्याच्यासाठी हे फार महाग पडतं.

म्हणून आम्ही किमान भावाकडे वळलो. पण तोही जसा पहिल्या मसुद्यात येतो तसा घेण्यासारखा नसतो. गोल आकडे घेऊन सांगतो. समजा कंपनीचे 10 लाख शेअर आहेत. फंडाने 6 लाख शेअर 400 रुपयांनी घेतले, म्हणजे 24 कोटी घातले. 4 लाख कुटुंबाकडे राहिले. त्या भावाने कंपनी 40 कोटींची झाली आणि करारात लिहिलं की कंपनीचं मूल्य 40 कोटींहून कमी असेल तर ओढता येणार नाही. वाचायला हे ठीक वाटतं.

काही वर्षांनी खरेदीदार सगळ्या धंद्याचे 45 कोटी देऊ करतो. अट पूर्ण झाली. कुटुंब मनात हिशोब करतं की 45 चे 40 टक्के म्हणजे 18 कोटी, शेअरला 450. पण खरेदीदार 45 कोटी म्हणतो ते कर्जमुक्त धंद्याचे. बँकेचे 9 कोटी त्यातून आधी फिटतात आणि वाटायला उरतात 36. आता फंडाच्या शेअरना लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे वाटपात आपले पैसे आधी घेण्याचा हक्क असतो, आणि बहुतेक करारांत पूर्ण कंपनीची विक्री हीसुद्धा त्या कलमाखाली धरलेली असते. फंडाला घातलेले 24 कोटी किंवा त्याच्या हिश्शाची रक्कम, यांपैकी जे जास्त ते मिळतं. 36 चे 60 टक्के होतात 21.60 कोटी. मग तो 24 घेतो. कुटुंबाला राहिले 12 कोटी, म्हणजे शेअरला 300. त्यातले 15 टक्के, म्हणजे 1.80 कोटी, पुढे काही जुनं देणं निघालं तर म्हणून दीड वर्ष एस्क्रो खात्यात, म्हणजे तिऱ्हाइताकडे, अडकतात. सौद्याच्या दिवशी खात्यात येतात 10.20 कोटी, शेअरला 255 रुपये. 40 कोटींची अट कुठेही मोडली नाही, तरी फंडाने 400 ला घेतलेला शेअर आपण 255 ला दिला. प्रेफरन्स जर आधी पूर्ण रक्कम घेऊन वर उरलेल्यातही वाटा घेण्याचा असेल, तर हेच 12 कोटी 4.80 वर येतात. तेवढ्यासाठी प्रेफरन्सचं कलम आणि ड्रॅगचं कलम एका टेबलावर शेजारी ठेवून वाचावं.

आमच्या भुसावळच्या आत्याचेही मिलमध्ये शेअर आहेत. तिला हे सगळं समजावून सांगत होतो तेव्हा तिने शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मना हातमा कितला येतीन, ते सांग भाऊ." वकिलांनी शेवटी कलम त्याच भाषेत बसवलं. कुटुंबाच्या प्रत्येक शेअरमागे कर्ज, प्रेफरन्स, सौद्याचा खर्च आणि एस्क्रो वजा जाता, सौदा पूर्ण होण्याच्या दिवशी खात्यात जमा होणारी रक्कम ठरलेल्या भावापेक्षा कमी नको. ती रोखच हवी, खरेदीदार कंपनीचे शेअर चालणार नाहीत. आयकर ज्याचा त्याने भरायचा, तो यात धरला नाही.

वरच्याच उदाहरणात ही अट 400 रुपयांची असती तर काय झालं असतं ते पाहा. कुटुंबाला 16 कोटी द्यावेच लागले असते आणि 36 मधून फंडाला 20 उरले असते, शिवाय एस्क्रोचा भार त्याच्याच वाट्यावर गेला असता. फंडापुढे मग दोनच मार्ग राहतात: प्रेफरन्सचा काही भाग सोडायचा किंवा चांगल्या भावाची वाट पाहायची. दोन्हींसाठी त्याला आपल्याशी येऊन बोलावं लागतं. पहिल्या प्रस्तावाच्या हक्कात असं बोलायला बसायची वेळ येतेच असं नाही.

किमान भावाला दोष नाही असं मी म्हणणार नाही. आयातीचं धोरण बदललं, डाळीतला नफा आटला आणि कंपनीच खाली आली, तर 400 कोणीच देणार नाही. मग विक्री अडते आणि दोघेही अडकतात. म्हणून फंड याला मुदत मागतात. सातव्या वर्षानंतर ठरावीक आकड्याऐवजी स्वतंत्र नोंदणीकृत मूल्यांककाने काढलेला भाव लागू होईल, हे आम्ही मान्य केलं. ते मला वाजवी वाटलं.

कोणताही पर्याय घ्या, तो कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये आला की नाही ते स्वतः पाहा. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या 1991 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शेअर हस्तांतरणावरचं जे बंधन आर्टिकल्समध्ये नाही, ते कंपनीवरही बंधनकारक नाही आणि भागधारकांवरही नाही. हे माहीत असल्याने फंडाचे वकील ड्रॅगचं कलम आठवणीने आर्टिकल्समध्ये घालतात. आपली किमान भावाची अट मात्र वेगळ्या पत्रात राहून गेलेली मी एका ओळखीच्या कुटुंबाच्या कागदांत पाहिली आहे. कलम आणि त्याची अट एकाच परिच्छेदात हवी. करार करतानाच फंड आपल्या वतीने शेअर हस्तांतरित करण्याचं रद्द न होणारं मुखत्यारपत्रही मागतात. ते द्यावं लागतं, पण ते अट पूर्ण झाल्यावरच वापरता येईल असं त्यातच लिहून घ्यावं. आणि खरेदीदाराला द्यायच्या हमीत आत्यासारख्या भागधारकाने शेअर माझे आहेत आणि ते विकायचा अधिकार मला आहे एवढंच सांगावं. धंद्याच्या जुन्या देण्यांची हमी तिच्या माथी नको.

ज्यांचे भाऊबंद सुरतेला कापडाच्या धंद्यात आहेत आणि महिनाभरात मोठी रक्कम उभी करू शकतात, त्यांना माझा कल कदाचित पटणार नाही. आडनावच ब्रँड असेल तर तेही पहिल्या प्रस्तावाच्या बाजूचं कारण आहे. असा हक्क घेणार असाल तर 30 ऐवजी 90 दिवस मागा, हंगामाचे महिने त्यातून वगळायला सांगा, आणि भाव आधी आपण सांगण्याऐवजी बाहेरच्या खरेदीदाराचा लेखी भाव पाहून त्याची बरोबरी करण्याचा हक्क मिळतो का ते बघा. यातल्या शेवटच्या मागणीला फंड सर्वात जास्त विरोध करतात, कारण आपली बोली दाखवून दुसऱ्याला माल दिला जाणार हे कळलं की बाहेरचा खरेदीदार तपासणीवर खर्च करायलाच तयार होत नाही.